पहिल्या वर्षीचं अमेरिकन रिटर्न : आधी स्टेटस, मग हिशेब

भारतात नवऱ्याचं रिटर्न वेगळं आणि बायकोचं वेगळं. लग्न झालंय की नाही, हे आपल्या आयकर खात्याला कर काढताना विचारावंही लागत नाही. फॉर्म १६ हातात आला, २६एएसशी टीडीएस जुळला की काम झालं, एवढीच माझी सांगलीतली आणि नंतर पुण्यातली समज. अमेरिकेत आल्यावर मात्र रिटर्नच्या पहिल्याच पानावर, नाव-पत्त्याच्या लगेच खाली, 'फायलिंग स्टेटस'ची चौकट आली. त्या एका खुणेवर माझा साडेपाच हजार डॉलरचा फरक पडणार होता. टेक्सासमध्ये आयर्विंगला नवीन लागलेल्या माझ्यासारख्या कुणाला उपयोग होईल, म्हणून २०२४ चा आमचा हिशेब जसा झाला तसा सांगते.

आम्ही दोघं फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी आलो. मी एच-वन-बीवर, नवरा एच-फोरवर. माझी नोकरी १ मार्चला सुरू झाली. पगार वर्षाला ८४,००० डॉलर आणि महिन्यातून दोनदा चेक, म्हणजे दर चेकला ३,५००. रुजू झाल्यावर एचआरच्या पोर्टलवर डब्ल्यू-४ नावाचा फॉर्म भरायचा होता आणि त्यातही हाच प्रश्न : सिंगल किंवा मॅरिड फायलिंग सेपरेटली, मॅरिड फायलिंग जॉइंटली, की हेड ऑफ हाउसहोल्ड?

ऑफिसात सोलापूरकडचे एक सीनियर आहेत, अमेरिकेत वीसेक वर्षं काढलेले. मराठी मंडळी त्यांना दादाच म्हणतात. त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "आत्ता सिंगलवाली खूण कर."

मी म्हटलं, "दादा, पण लग्न झालंय की माझं."

"अगं, त्या ओळीत मॅरिड फायलिंग सेपरेटली पण आहे, खोटं काही नाही त्यात. आणि हा फॉर्म सरकारकडे जात नाही, कंपनीच्या पेरोलकडे जातो. दर चेकमधून किती कापायचं एवढंच ते त्यावरून ठरवतात. खरं स्टेटस पुढच्या वर्षी रिटर्न भरताना ठरतं. तुमचं पहिलं वर्ष आहे, जॉइंट जमेल की नाही ते ठरायचंय. जास्त कापलं गेलं तर परत मिळेल. कमी कापलं गेलं तर एप्रिलमध्ये खिशातून काढावं लागेल."

या बोलण्यात विदहोल्डिंगचा सगळा अर्थ आला. विदहोल्डिंग म्हणजे आपला टीडीएसच. कंपनी अंदाजानं कापते आणि आपल्या नावावर आयआरएसकडे, म्हणजे इथल्या आयकर खात्याकडे भरते. तो कर नव्हे, कराचा आगाऊ भरणा. अंदाज कसा करतात, ते मी नंतर कोष्टक घेऊन पाहिलं. पेरोल प्रत्येक चेककडे असं बघतं, की जणू हाच चेक वर्षभर चोवीस वेळा मिळणार आहे. ३,५०० गुणिले २४, म्हणजे ८४,०००. त्यातून सिंगलची २०२४ ची स्टँडर्ड डिडक्शन १४,६०० वजा केली की ६९,४०० उरतात. त्यावर वर्षाचा कर येतो १०,३२१. त्याला २४ नं भागलं की ४३० डॉलर ४ सेंट. माझ्या पे-स्टबवर दर वेळी फेडरल विदहोल्डिंगसमोर हाच आकडा असायचा.

यात मेख अशी, की मी मार्चपासून कामाला लागले, त्यामुळे मला चोवीस नव्हे, वीसच चेक मिळणार होते. पण पेरोलला जानेवारी-फेब्रुवारीचं काही देणंघेणं नसतं, ते पूर्ण वर्षाच्या दरानंच कापत राहतं. वर्षाच्या मधे नोकरी सुरू केलेल्या जवळजवळ प्रत्येकाचं विदहोल्डिंग यामुळे जरा जास्तच होतं. नव्यानं आलेल्यांना पहिल्या वर्षी 'घसघशीत रिफंड' मिळतो असं कानावर येतं, त्याचं अर्धं कारण हे.

पे-स्टबवर आणखी दोन कपाती होत्या. सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के. त्यांचा या रिटर्नशी संबंध नाही. माझ्या शेजारच्या क्युबिकलमधल्या मुलाचा समज होता, की हेही रिफंडमध्ये परत येतं, कारण त्याच्या विद्यार्थी मित्राचं आलं होतं. विद्यार्थी एफ-वनवर असताना काही वर्षं ही कपात लागूच होत नाही. कंपनीनं चुकून केली असेल तर परत मागता येते. एच-वन-बीवर ती कायदेशीरच आहे. भारत आणि अमेरिका यांच्यात सोशल सिक्युरिटीचा करारही नाही, तेव्हा तो पैसा गेला समजायचा आणि पुढे जायचं.

जानेवारीच्या अखेरीस डब्ल्यू-२, म्हणजे इथला फॉर्म १६, आला. ३१ जानेवारीपर्यंत तो देणं कंपनीवर बंधनकारक आहे. दिसायला चौकोनाचौकोनांचा कागद, पण मला लागणार होते त्यातले दोनच चौकोन. बॉक्स १ मध्ये वर्षाचा करपात्र पगार : ७०,०००. बॉक्स २ मध्ये फेडरल आयकरापोटी कापलेली रक्कम : ८,६०१. बॉक्स ४ मध्ये सोशल सिक्युरिटीचे ४,३४० आणि बॉक्स ६ मध्ये मेडिकेअरचे १,०१५. ते बघायचे आणि सोडून द्यायचे. आमच्या विम्याचा हप्ता कंपनी भरायची आणि फोर-ओ-वन-के, म्हणजे पगारातून कापून निवृत्तीसाठी करायची बचत, मी पहिल्या वर्षी सुरू केलं नव्हतं. एरवी बॉक्स १ चा आकडा पगारापेक्षा कमी दिसतो आणि लोक उगाच घाबरतात. टेक्सासला राज्याचा आयकर नाही, म्हणून माझं एकच रिटर्न. न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीला राज्याचं वेगळं भरावं लागलं.

शनिवारी दादांच्या घरी, त्यांच्या डायनिंग टेबलवर बसलो. नवराही होता, कारण दादांनी बजावून सांगितलं होतं, "दोघंही या, सही दोघांची लागेल."

पहिला प्रश्न स्टेटसचा. सिंगल बाद, कारण ३१ डिसेंबरला जी वैवाहिक स्थिती असते ती पूर्ण वर्षासाठी धरतात. अगदी ३० डिसेंबरला लग्न झालं असतं तरी कायद्यानं वर्षभर विवाहितच. हेड ऑफ हाउसहोल्ड मला मोहात पाडत होतं. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख लिहितात तसं असेल, आणि घरात कमावती मी एकटीच, असा माझा हिशेब. दादा हसले. हे स्टेटस मुळात अविवाहितांसाठी आहे, ज्यांच्या घरात मूल किंवा दुसरं कुणी अवलंबून आहे आणि घरखर्चाचा निम्म्याहून जास्त भार ते उचलतात त्यांच्यासाठी. विवाहित माणूस काही ठरावीक परिस्थितीत त्यात बसतो, पण नवरा-बायको एका घरात राहतात आणि मूलबाळ नाही, तिथे प्रश्नच येत नाही. कमावतं कोण, हे ते विचारतच नाहीत.

उरले दोन, सेपरेट आणि जॉइंट. इथे दादांनी पेन खाली ठेवलं.

"तुमचं २०२४ हे दोन तुकड्यांचं वर्ष आहे. विमानातून उतरायच्या आधी तुम्ही इथल्या कराच्या दृष्टीनं नॉनरेसिडेंट, उतरल्यापासून रेसिडेंट. याला ड्युअल स्टेटस म्हणतात."

रेसिडेंट कसं ठरतं, तर दिवस मोजून. चालू वर्षातले सगळे दिवस, मागच्या वर्षातल्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्यामागच्या वर्षातल्या दिवसांचा एक षष्ठांश. बेरीज १८३ किंवा जास्त आणि चालू वर्षातले निदान ३१ दिवस असले, की रेसिडेंट. व्हिसाच्या कागदावर नॉन-इमिग्रंट लिहिलेलं असलं तरी करापुरते आपण रेसिडेंट होऊ शकतो. आम्ही आधी कधी आलो नव्हतो, पण फेब्रुवारीच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत इथेच होतो, त्यामुळे दोघांचेही १८३ आरामात झाले. विद्यार्थ्यांचं मोजमाप वेगळं असतं, ते इथे घेत नाही.

ड्युअल स्टेटस तसंच ठेवून रिटर्न भरलं तर दोन गोष्टी हातच्या जातात. जॉइंट भरता येत नाही आणि स्टँडर्ड डिडक्शनही मिळत नाही. म्हणजे मी सेपरेट भरलं असतं तर ७०,००० च्या ७०,००० वर कर. तो येतो साडेदहा हजारांच्या आतबाहेर. कापले गेलेत ८,६०१. म्हणजे सिंगलच्या चढ्या दरानं कापूनही वर १,८५० च्या आसपास भरायचे. हे बघून नवरा म्हणाला, "म्हणजे रिफंड सोडाच, आपणच देणं लागतो?"

पण कायद्यात एक वाट ठेवली आहे. वर्षअखेरीस दोघंही रेसिडेंट असतील, तर दोघांनी मिळून 'आम्हाला पूर्ण वर्ष रेसिडेंट धरा' अशी निवड करता येते. कलम ६०१३(एच). एका साध्या कागदावर दोघांची नावं, पत्ता, नंबर आणि आम्ही ही निवड करायला पात्र आहोत असं निवेदन, खाली दोघांच्या सह्या. तो कागद रिटर्नला जोडायचा. ही निवड आयुष्यात एकदाच करता येते. जोडीदार वर्षअखेरीस भारतातच असेल, तर ६०१३(जी) हे शेजारचं कलम लागतं, त्याचे पुढच्या वर्षांवरचे परिणाम वेगळे आहेत. तेव्हा कुठलं कलम आपलं, ते नीट बघूनच लिहावं.

अर्थात फुकट काही नाही. पूर्ण वर्ष रेसिडेंट धरलं की जगभरातलं पूर्ण वर्षाचं उत्पन्न दाखवावं लागतं. आमचं जानेवारी-फेब्रुवारीतलं पुण्यातलं दोघांचं वेतन आणि एफडीचं वर्षाचं व्याज, सगळं धरून तीन लाखांच्या आसपास रुपये. २०२४ ची आयआरएसची वार्षिक सरासरी ८३.६७७ रुपयांना एक डॉलर अशी होती. त्या दरानं साधारण ३,६०० डॉलर. एफडीचं व्याज बरेच जण दाखवतच नाहीत, 'तिथे टीडीएस कापलाय ना' म्हणून. तिथे कापलेल्या कराचं क्रेडिट घेता येतं, त्यासाठी फॉर्म १११६ असतो, पण उत्पन्न आधी दाखवावंच लागतं. आमचं क्रेडिट किरकोळ होतं, म्हणून खालच्या आकडेमोडीत ते धरलेलं नाही. आणि भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल, तर एफबार नावाची वेगळी माहिती वेगळ्या खात्याला द्यावी लागते. त्यावर कर नाही, पण न दिल्याचा दंड मोठा आहे.

आता जॉइंटचा हिशेब. ७०,००० अधिक ३,६००, म्हणजे ७३,६००. जोडप्याची २०२४ ची स्टँडर्ड डिडक्शन २९,२००. उरले ४४,४००. पहिल्या २३,२०० वर दहा टक्के, म्हणजे २,३२०. उरलेल्या २१,२०० वर बारा टक्के, म्हणजे २,५४४. एकूण ४,८६४. पण सॉफ्टवेअरनं दाखवले ४,८६७. मी पुन्हा पुन्हा कॅल्क्युलेटर बडवला. शेवटी दादांनी सांगितलं, की एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाला छापील टेबल वापरतात. ते पन्नास-पन्नास डॉलरच्या टप्प्यांचं असतं आणि कर टप्प्याच्या मध्यावर काढलेला असतो. ४४,४०० ते ४४,४५० चा मध्य ४४,४२५. तीन डॉलर तिथे गेले.

मग वजाबाकी : कापलेले ८,६०१, लागणारा कर ४,८६७, रिफंड ३,७३४. रिटर्न म्हणून जे काही आहे ते एवढंच. लागणारा कर एका ओळीत, भरलेला कर दुसऱ्या ओळीत आणि फरक ज्याच्या बाजूला तो त्याला. पगार तोच, कापलेलं तेच, पण एका स्टेटसला मी देणेकरी आणि दुसऱ्याला घेणेकरी. ऑफिसात नंतर जो तो विचारायचा, "तुझा रिफंड किती आला?", जणू परीक्षेचे मार्क आहेत. मोठा रिफंड म्हणजे हुशारीनं कर वाचवला, असा एक गोड गैरसमज आपल्या लोकांत आहे. माझे ३,७३४ हे माझेच पैसे होते आणि वर्षभर बिनव्याजी सरकारकडे पडून होते. कर किती लागला, हे विचारायला हवं. ते कुणी विचारत नाही.

जॉइंट रिटर्नला नवऱ्याचाही नंबर लागतो. एच-फोरवर काम करायची परवानगी नसल्यानं त्याला सोशल सिक्युरिटी नंबर नाही. अशांसाठी आयटिन असतो आणि तो मागायचा फॉर्म डब्ल्यू-७ रिटर्नसोबतच जोडून पाठवायचा असतो. रिटर्नवर त्याच्या नंबरची जागा कोरी सोडायची. पासपोर्ट मूळ पाठवा किंवा देणाऱ्या कार्यालयाकडून प्रमाणित केलेली प्रत पाठवा, असा नियम. नोटरीची झेरॉक्स चालत नाही. मूळ पासपोर्ट पोस्टात टाकायला जीव होईना, म्हणून आम्ही आयआरएसनं मान्यता दिलेल्या एजंटकडे गेलो. असे एजंट जोडीदाराचा मूळ पासपोर्ट स्वतः पाहून परत देतात आणि प्रमाणपत्र जोडतात. फी घेतात, ती आधीच विचारून घ्यावी.

यामुळे आमचं रिटर्न ऑनलाइन न जाता कागदावर गेलं, ऑस्टिनच्या आयटिन विभागाकडे, १५ एप्रिलच्या आत. वर डब्ल्यू-७, मग १०४० म्हणजे रिटर्नचा मुख्य फॉर्म, डब्ल्यू-२ ची प्रत, ६०१३(एच) चं निवेदन. टपालात टाकण्याआधी दादांनी शेवटच्या पानावर बोट ठेवून दोन्ही सह्या पाहिल्या. जॉइंटवर एकाची सही राहिली तर रिटर्न अडकून पडतं.

ऑनलाइन भरणाऱ्यांना रिफंड बहुतेक वेळा एकवीस दिवसांत मिळतो. आमच्यासारख्यांनी तो हिशेब धरू नये. हंगामात आयटिनलाच नऊ ते अकरा आठवडे लागतात असं आयआरएस स्वतः सांगते आणि तो नंबर मिळाल्याशिवाय रिटर्न पुढे सरकत नाही. रिफंड कुठवर आला हे बघायच्या पानावर तीन गोष्टी विचारतात : नंबर, फायलिंग स्टेटस आणि रिफंडची पूर्ण डॉलरमधली नेमकी रक्कम. पहिले कित्येक आठवडे तिथे माहितीच नव्हती. मग आधी आयटिनचं पत्र आलं आणि ऑगस्टअखेर पैसे खात्यात जमा झाले. रक्कम ३,७३४ पेक्षा नव्वदेक डॉलरनं जास्त निघाली. नवऱ्याला वाटलं हिशेबात गडबड झाली. तसं नव्हतं. मुदतीनंतर पंचेचाळीस दिवसांत रिफंड दिला नाही तर आयआरएस व्याज देतं, २०२५ मध्ये त्याचा दर सात टक्के होता. रिफंडवर फेडरल कर नाही, पण या व्याजावर आहे. ते पुढच्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून धरायचं.

आता जॉइंट पक्कं झाल्यावर मी डब्ल्यू-४ बदलला. तो वर्षात कधीही बदलता येतो. २०२४ च्याच कोष्टकानं बघितलं तर ४३० ऐवजी दर चेकला २५५ कापले जातात. म्हणजे महिन्याला साडेतीनशे डॉलर आपल्याच हातात.

फक्त एक सांगून ठेवते, कारण आमच्या अपार्टमेंटमधल्या एका जोडप्याला ते फार महागात पडलं. दोघंही नोकरीला, दोघांचाही पगार माझ्याएवढा, आणि दोघांनीही आपापल्या डब्ल्यू-४ वर जॉइंटची खूण केली. दोन नोकऱ्यांसाठी स्टेप २ मध्ये जी चौकट असते, ती दोघांनीही मोकळी सोडली. झालं काय, दोन्ही पेरोलनी स्वतंत्रपणे २९,२०० ची पूर्ण सूट दिली. दोघांचे मिळून वर्षात कापले गेले १२,२२४. जॉइंट रिटर्नमध्ये ती सूट एकदाच मिळते, शिवाय पगाराची बेरीज बावीस टक्क्यांच्या टप्प्यात गेली, तर कर निघाला २०,६४२. एप्रिलमध्ये ८,४१८ डॉलर भरायचे, वर कमी भरण्याचा दंड. त्या चौकटीत दोघांच्याही फॉर्मवर खूण करायची असते. पगार साधारण सारखे असतील तर तेवढ्यानं भागतं. एकाचा पगार दुसऱ्याच्या निम्म्याहून कमी असेल तर ती चौकट जरुरीपेक्षा जास्त कापते. तिथे फॉर्मच्या तिसऱ्या पानावरचं वर्कशीट भरून जादा कपातीचा आकडा स्वतः लिहावा.